वर मराठी मथळा, आत तेच नाव

गावातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. संकलनाची वेळ. मागे किटल्यांचा आवाज येत होता आणि कुणीतरी मोठ्याने विचारत होतं, “अहो, किती वेळ उभं राहायचं?” काट्यावर वजन दिसत होतं, फॅटच्या मशीनवर आकडा येत होता, पण कॉम्प्युटरवर नोंद होत नव्हती. पडद्यावर एवढंच दिसत होतं: `no such column: qty`.

दुपारी काय घडलं होतं ते हळूहळू कळलं. वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली होती. सहकारी संस्थांना ती आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. अहवालातल्या संकलनाच्या तक्त्यावर `mem_no`, `qty`, `amt` असे मथळे छापून येत होते आणि मागच्या वर्षी सभासदांनी त्यावरून सुनावलं होतं. त्यात चूक काहीच नव्हती. ज्याच्या दुधाचा हिशेब आहे त्याला तो वाचता आलाच पाहिजे. म्हणून संस्थेतल्या हुशार, मेहनती ऑपरेटरने डेटाबेस उघडला आणि टेबलातल्या रकान्यांची नावंच बदलून टाकली. `qty` चं झालं `लिटर` आणि `amt` चं झालं `रक्कम`. अहवाल सुरेख निघाला. पण संध्याकाळी संकलनाचा प्रोग्रॅम सुरू झाला आणि रोजच्यासारखा `qty` शोधू लागला.

ही चूक मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. पतसंस्थेत पाहिली, शाळेत पाहिली, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबातही पाहिली. मराठी हवं हा हट्ट बरोबर असतो, ते लिहिण्याची जागा चुकते. म्हणून ती जागा नेमकी कोणती, ते या दूध संस्थेच्याच उदाहरणावरून सांगतो.

टेबलातल्या रकान्याचं नाव वाचण्यासाठी नसतं, हाक मारण्यासाठी असतं. संकलनाचा प्रोग्रॅम त्याच नावाने हाक मारतो, दर दहा दिवसांचं बिल काढणारा प्रोग्रॅम त्याच नावाने मारतो, वरच्या संघाकडे जाणारी फाइल तयार करणाराही त्याच नावाने. नाव बदललं की या सगळ्यांना निरोप द्यावा लागतो आणि त्यातला एखादा नेमका राहून जातो. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये २०१८ पासून रकान्याचं नाव एका ओळीत बदलता येतं. त्या डेटाबेसच्या आत जिथे जिथे ते नाव वापरलं आहे तिथे तो स्वतःच दुरुस्तीही करतो. पण बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये काय लिहिलंय ते त्याला कळायला मार्ग नाही.

ही नावं इतकी तुटक का असतात, हे विचारणारेही भेटतात. आपल्याकडच्या अनेक संस्थांचे हिशेब आधी फॉक्सप्रोमध्ये होते. त्याच्या साध्या टेबलात रकान्याचं नाव दहा अक्षरांपेक्षा मोठं ठेवता येत नसे. त्यामुळे `MEM_NO`, `QTY_LTR` अशी नावं पडली आणि पुढे नवे प्रोग्रॅम आले तरी टिकली. दिसायला ओबडधोबड असली तरी ती राहू द्यावीत.

मग मराठी कुठे लिहायचं? माहिती टेबलातून बाहेर काढताना, शेवटच्या क्षणी. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत त्यासाठी एक छोटा शब्द आहे, `AS`. “`qty` मधली बेरीज दे आणि तिला ‘एकूण लिटर’ म्हण,” असं त्याने सांगता येतं. हे टोपणनाव त्या एका उत्तरापुरतं असतं. टेबलात `qty` जागचं हलत नाही.

```sql
SELECT mem_no   AS "सभासद क्र.",
       SUM(qty) AS "एकूण लिटर",
       SUM(amt) AS "रक्कम (रुपये)"
FROM milk
GROUP BY mem_no;
```

टोपणनावात मोकळी जागा, टिंब किंवा कंस असेल तर ते दुहेरी अवतरणात घालावं लागतं. एकेरी अवतरण म्हणजे साधा मजकूर. पुढे क्रम लावताना कुणी `ORDER BY 'एकूण लिटर'` असं एकेरीत लिहिलं, तर ‘एकूण लिटर’ या शब्दांवर क्रम लावायचा असा त्याचा अर्थ होतो. तो मजकूर प्रत्येक ओळीला सारखाच, म्हणून क्रम लागतच नाही आणि एसक्यूलाइट तक्रारही करत नाही. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे एसक्यूलाइट बऱ्याच ठिकाणी चुकलेलं दुहेरी अवतरणही मजकूर समजून चालवून घेतो. ‘एकूण’ऐवजी ‘ऐकूण’ टाइप झालं तरी चूक दाखवली जात नाही. म्हणून माझा नियम असा की क्रम लावणं, बेरीज करणं, जोडणं ही सगळी कामं जुन्या नावांनी करायची आणि मराठी नाव फक्त सर्वांत वरच्या `SELECT` मध्ये, एकदाच लिहायचं.

त्याच कारणाने मराठी टोपणनावं कायमच्या ‘व्ह्यू’मध्ये ठेवू नयेत. व्ह्यू म्हणजे साठवून ठेवलेला प्रश्न. दुसरे अहवाल त्याच्यावर आधारून लिहिले जातात आणि मग ते मराठी मथळेच त्यांच्यासाठी रकान्यांची नावं होऊन बसतात. जी अडचण टाळायची तीच मागच्या दाराने घरात येते.

मथळ्यांचं काम इथे संपतं. खरी कसोटी महिन्यांच्या नावांशी लागते, कारण महिना हा मथळा नाही, तो टेबलातल्या माहितीतून तयार होतो.

सभासद क्रमांक ११७ ने ५ एप्रिलच्या सकाळी साडेसहा लिटर दूध घातलं, तर टेबलात तारीख `2024-04-05` अशी बसते. अहवालात मात्र ‘एप्रिल’ हवा. तारखेवरून महिन्याचं नाव मराठीत देण्याची सोय प्रत्येक डेटाबेसमध्ये असेलच असं नाही. एसक्यूलाइटला कुठल्याच भाषेतली नावं येत नाहीत, तो फक्त `04` देतो. मायएस्क्यूएलमध्ये भाषा निवडायची सोय आहे, पण त्याच्या यादीत हिंदी, गुजराती, तमिळ, तेलुगू असून मराठी नाही. तिथे कुणी ‘जवळचं’ म्हणून `hi_IN` निवडलं की अहवालात ‘जनवरी’, ‘अगस्त’, ‘सितम्बर’ छापून येतं. लिपी देवनागरी म्हणून घाईत कुणाच्या लक्षातही येत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये `TMMonth` असं लिहिलं आणि यंत्रावर मराठीची सोय बसवलेली असली तर ‘जानेवारी’ मिळतो. नुसतं `Month` लिहिलं तर भाषा कुठलीही निवडा, इंग्रजीच येतं. आणि आज मिळालं तरी उद्या संस्थेने दुसरा कॉम्प्युटर घेतला, त्यावर मराठी बसवायची राहिली, तर अहवाल पुन्हा इंग्रजीत जातो.

म्हणून बारा ओळींचं एक छोटं टेबल करून ठेवणं मला सर्वांत भरवशाचं वाटतं. ते कुठल्याही डेटाबेसमध्ये चालतं आणि त्यातली नावं आपण ठरवू तीच राहतात.

```sql
CREATE TABLE month_mr (m INTEGER PRIMARY KEY, nm TEXT);
INSERT INTO month_mr VALUES
 (1,'जानेवारी'),(2,'फेब्रुवारी'),(3,'मार्च'),
 (4,'एप्रिल'),(5,'मे'),(6,'जून'),
 (7,'जुलै'),(8,'ऑगस्ट'),(9,'सप्टेंबर'),
 (10,'ऑक्टोबर'),(11,'नोव्हेंबर'),(12,'डिसेंबर');
```

या टेबलाचंही नाव आणि त्याचे रकाने मी इंग्रजी अक्षरांतच ठेवले आहेत. मराठी आहे ती फक्त आतल्या माहितीत.

मराठी महिने म्हणजे चैत्र, वैशाख हवेत का, असाही प्रश्न मला एका सभेत आला होता. संस्थेचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणून हिशेबात इंग्रजी महिनेच मराठी उच्चाराने लिहायचे. चैत्र-वैशाख अशा बारा ओळींच्या टेबलातून मिळणारही नाहीत. ते चंद्रावर चालतात, दर वर्षी वेगळ्या तारखेला सुरू होतात आणि मधे अधिक महिना येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता. त्यासाठी पंचांगच लागतं.

आता तक्ता. त्या ऑपरेटरने दुसऱ्या प्रयत्नात महिन्यांची नावं बरोबर आणली, प्रिंट काढली आणि मला दाखवली. पहिली ओळ एप्रिल. आर्थिक वर्षाचा पहिला महिना पहिल्या ओळीत, म्हणजे सगळं जागच्या जागी, असंच कुणालाही वाटेल. दुसरी ओळ होती ऑक्टोबर. तिसरी ऑगस्ट. मग जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर आणि शेवटची सप्टेंबर. क्रम महिन्याच्या नावावर लावला होता आणि वर्णक्रमाने ए सर्वांत आधी येतो, म्हणून एप्रिल निव्वळ योगायोगाने वर गेला होता. इंग्रजी नावांच्या बाबतीतही हेच होतं, तिथेही एप्रिलच पहिला येतो. त्यामुळे फक्त पहिली ओळ बघून तक्ता बरोबर आहे असं कधीच ठरवू नये. दुसरी ओळ बघावी. ती मे असली पाहिजे.

उपाय तोच. नाव दाखवायचं आणि आकड्यावर क्रम लावायचा. पूर्ण प्रश्न असा होतो:

```sql
SELECT n.nm || ' ' || t.y AS "महिना",
       t.ltr AS "एकूण लिटर",
       t.amt AS "रक्कम (रुपये)"
FROM (SELECT strftime('%Y', entry_dt) AS y,
             CAST(strftime('%m', entry_dt) AS INTEGER) AS m,
             SUM(qty) AS ltr, SUM(amt) AS amt
      FROM milk
      WHERE entry_dt >= '2024-04-01'
        AND entry_dt <  '2025-04-01'
      GROUP BY 1, 2) AS t
JOIN month_mr AS n ON n.m = t.m
ORDER BY t.y, t.m;
```

आतल्या कंसात सगळी कामं जुन्या नावांनी उरकली आहेत. तारखेतून वर्ष आणि महिना वेगळा काढला, त्यांच्या गटाने लिटर आणि रुपये बेरजेला घेतले. बाहेर येताना त्या महिन्याच्या आकड्याला मराठी नाव जोडलं आणि मथळे लावले. क्रम आधी वर्षावर, मग महिन्यावर आहे, म्हणून एप्रिल २०२४ पासून मार्च २०२५ पर्यंत बारा ओळी नीट उतरतात. गटातून वर्ष वगळलं आणि तारखांची मर्यादा घालायची राहून गेली, तर दोन वर्षांचे एप्रिल एकाच ओळीत मिसळतात. लिटरचा आकडा अचानक दुप्पट दिसला की आधी हेच तपासावं.

काही जण टेबलातच महिन्याचं नाव मराठीत साठवून ठेवतात. ते करू नका, कारण त्यात डोळ्यांना न दिसणारा धोका आहे. ‘ऑगस्ट’मधला ऑ हे युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर आहे. काही कळफलकांवर लोक आधी अ टाइप करतात आणि त्याला ॉ जोडतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. एका ऑपरेटरने एक प्रकार वापरला, दुसऱ्याने दुसरा, तर अहवालात ऑगस्टच्या दोन ओळी येतात आणि दोन्हींत अर्धं अर्धं दूध असतं. सप्टेंबर आणि सप्टेम्बर यांचंही तेच. आकडा ८ मात्र सगळ्यांचा सारखाच असतो. नाव एकदाच, एकाच टेबलात, एकाच माणसाने लिहावं.

आता पडताळा. वरच्या प्रश्नात एक जागा अशी आहे जिथे दूध गळतं आणि कळत नाही. जुन्या नोंदीत तारीख `05/04/2024` अशी लिहिलेली असेल, तर एसक्यूलाइटला ती तारीख वाटतच नाही आणि ती ओळ चुपचाप अहवालाबाहेर राहते. म्हणून अहवाल काढण्याआधी हे विचारावं:

```sql
SELECT COUNT(*) FROM milk
WHERE strftime('%m', entry_dt) IS NULL;
```

उत्तर शून्यच आलं पाहिजे. त्यानंतर बारा महिन्यांची बेरीज खतावणीतल्या वर्षाच्या एकूण आकड्याशी ताडून बघावी. मराठी मथळ्यांनी सजलेला तक्ता बघून माणूस निर्धास्त होतो. बेरीज ताडल्याशिवाय तसं होऊ नये.

मथळ्याच्या लांबीचंही एक बंधन आहे आणि ते मराठीलाच जास्त जाचतं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये कुठल्याही नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे आणि टोपणनावही नावच धरलं जातं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं. म्हणजे एकवीस चिन्हांत मथळा संपला पाहिजे. ‘सभासदाचे संपूर्ण नाव व पत्ता’ हा साधासा मथळा घ्या. चोवीस चिन्हं आणि चार मोकळ्या जागा मिळून ७६ बाइट होतात. डेटाबेस फक्त एक सूचना देतो, अडवत नाही आणि अहवालावर छापतो ‘सभासदाचे संपूर्ण नाव व’. व काय, हे सभासदाने ओळखायचं! ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांत तर मर्यादा ३० बाइटची, म्हणजे दहा चिन्हांची होती. तिथे निदान चूक स्पष्ट सांगितली जायची.

यातून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे लांब मथळे डेटाबेसमध्ये लिहायचेच नाहीत, छापणाऱ्या प्रोग्रॅमकडे ठेवायचे. अॅक्सेसमध्ये प्रत्येक रकान्याला ‘कॅप्शन’ म्हणून वेगळी जागा असते. नाव `mem_no` राहतं, दिसताना ‘सभासद क्रमांक’ दिसतं. अशी सोय नसेल तर दोन रकान्यांचं एक छोटं टेबल करावं, एकात जुनं नाव, दुसऱ्यात मराठी मथळा. छापणारा प्रोग्रॅम आधी ते वाचतो आणि प्रत्येक रकान्यावर योग्य मथळा लावतो. अहवाल पाच-सात असतील तर `AS` पुरेसं आहे. चाळीस असतील तर हे टेबल फार उपयोगी पडतं, कारण ‘सभासद क्र.’चं ‘सभासद क्रमांक’ करायचं ठरलं की एकाच जागी बदल होतो. एक्सेलमध्ये तारखांसाठी तशीच सोय आहे. तारखेच्या खान्याला `[$-44E]mmmm` हे स्वरूप दिलं की महिना मराठीत दिसतो आणि खान्यात तारीखच राहते.

आकडे देवनागरीत हवेत, ही मागणीही येते आणि तीही रास्त आहे. पण तो बदल अगदी छपाईच्या वेळी करावा. डेटाबेसच्या प्रश्नातच 1 च्या जागी १ घातला की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. मग ९ लिटर १० लिटरच्या पुढे जाऊन बसतात.

राहता राहिली वरच्या संघाकडे जाणारी फाइल. ती माणूस वाचत नाही, संघाचा प्रोग्रॅम वाचतो आणि तो पहिल्या ओळीत `mem_no`, `qty` शोधतो. तिथे मराठी मथळे पाठवले तर फाइल परत येते. सभासदांना व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या फाइलचं उलटं आहे. तिच्यात मराठी मथळे हवेतच. मात्र ती सीएसव्ही असेल आणि एक्सेलमध्ये ‘महिना’च्या जागी `à¤®` अशी चिन्हं दिसू लागली, तर मजकूर बिघडलेला नसतो. एक्सेलने फाइल युटीएफ-८ म्हणून ओळखलेली नसते, एवढंच. साठवताना सुरुवातीला बीओएम ही खूण घातली की अक्षरं सरळ दिसतात.

त्या संध्याकाळी आम्ही फोनवरच रकान्यांची नावं पूर्ववत केली आणि संकलन सुरू झालं. अहवाल पुढच्या दोन दिवसांत, वर लिहिल्याप्रमाणे तयार केला. तुमच्या संस्थेचा अहवाल या वर्षी छपाईला जाणार असेल, तर मराठी मथळ्यांचा आग्रह जरूर धरा. फक्त ऑपरेटरला सांगा की टेबलाला हात लावू नकोस. आणि प्रिंट हातात आली की दोन गोष्टी स्वतः बघा: एप्रिलच्या खाली मे आहे ना आणि शेवटची बेरीज खतावणीशी जुळते ना.